लॉबीत सहा वाजले, पण कोणत्या घड्याळात?

माझी मामेबहीण हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात तिला एक असाइनमेंट मिळाली. एखाद्या जुन्या हॉटेलच्या लॉबीचं वर्णन लिहायचं, माहितीपत्रकात छापता येईल असं, साधारण सव्वाशे शब्दांत. त्यात तीन गोष्टी आल्याच पाहिजेत: वातावरण, वापरलेलं साहित्य आणि दिवसाची वेळ. तिनं मुंबईचं ताजमहाल हॉटेल घेतलं आणि वेळ निवडली थेट उद्घाटनाची, म्हणजे १६ डिसेंबर १९०३ ची संध्याकाळ. मसुदा मला पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, तू इतिहासवाली आहेस ना, फक्त एक नजर टाक."

मी मुळात पदार्थविज्ञानाची विद्यार्थिनी. एमएस्सीनंतर इतिहासाकडे वळले, आणि आता मुंबईत विजेचे दिवे कसे आले यावर पीएचडी चालू आहे. त्यामुळे "फक्त एक नजर" टाकायला मला तीन दिवस लागले. ते तीन दिवस कशात गेले ते इथं लिहिते आहे, कारण संशोधनात ज्याला आपण स्रोताची चिकित्सा म्हणतो ती एका परिच्छेदावर कशी करायची हे मला यातून जास्त नीट समजलं. मेथडॉलॉजीच्या पेपरात ही चिकित्सा दोन पानांत शिकवतात, आणि ती दोन पानं मला कधी कळली नव्हती.

तिचा मसुदा साधारण असा होता. संध्याकाळचे सहा वाजले आहेत. मावळत्या सूर्याची सोनेरी किरणं समुद्रावरून लॉबीत येऊन संगमरवरी फरशीवर पसरली आहेत. खिडकीतून गेटवे ऑफ इंडिया दिसतो आहे. आयफेल टॉवरच्या पोलादाचे खांब दिमाखात उभे आहेत. वरच्या झुंबरांच्या लख्ख उजेडात पाहुण्यांची गजबज चालू आहे, आणि थोड्या वेळात बाहेर समुद्रावर चांदणं उतरणार आहे.

वाचायला छान आहे. एखाद्या पर्यटन पुस्तिकेत हे छापलं गेलं असतं तर कुणीही बोट ठेवलं नसतं. पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य कुठं ना कुठं अडकतं.

सोप्यापासून सुरुवात करू. गेटवे ऑफ इंडियाची पायाभरणी मार्च १९११ मध्ये झाली आणि त्याचं उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ ला. म्हणजे हॉटेल आधी आलं, गेटवे एकवीस वर्षांनी. आज दोन्ही एका फोटोत दिसतात म्हणून आपल्या डोक्यात ते जुळे भाऊ असतात, आणि गेटवे दिसायला जास्त जुनाट असल्यामुळे तोच थोरला वाटतो. ही चूक पकडायला विज्ञान लागत नाही, दोन तारखा शेजारीशेजारी ठेवल्या की झालं.

त्याच जातीची दुसरी चूक जरा लपलेली होती. मी तिला विचारलं, संगमरवरी फरशी कुठून आली? ती म्हणाली, फोटो बघून लिहिलं. फोटो पाहिला तर तो आजच्या मुख्य लॉबीचा होता, आणि ती लॉबी आहे शेजारच्या टॉवरमध्ये. टॉवर १९७० च्या दशकातला. जुन्या घुमटवाल्या इमारतीत तो भाग नाहीच. म्हणजे बिचारीनं १९०३ ची म्हणून जी लॉबी शब्दाशब्दांत रंगवली ती सत्तर वर्षांनी बांधलेल्या दुसऱ्याच इमारतीतली होती. फोटो खरा, पत्ता खरा, हॉटेलचं नावही खरं, आणि तरीही पुरावा चुकीचा. ऑनलाइन फोटो वापरणाऱ्या प्रत्येकानं हे एकदा तरी केलेलं असतं. मीसुद्धा.

आता दिवसाची वेळ. इथं मी सर्वांत जास्त रमले, कारण याच मुद्द्यावर मी स्वतः पूर्वी तोंडावर आपटले आहे.

आधी दिशा बघा. मुंबईत समुद्रातला सूर्यास्त बघायचा तर आपण मरीन ड्राइव्हला जातो, चौपाटीला जातो. ते पश्चिमेचं पाणी. ताजच्या समोर जे पाणी आहे ते बंदराचं, शहराच्या पूर्वेचं. हॉटेलची समुद्राकडची बाजू साधारण पूर्वेला, किंचित आग्नेयेला तोंड करून आहे. डिसेंबरच्या मध्यावर मुंबईत सूर्य मावळतो तो नैऋत्येच्या बाजूला, उत्तरेपासून मोजलं तर सुमारे २४५ अंशांवर. म्हणजे संध्याकाळी तो हॉटेलच्या पाठीमागे असतो. समुद्रावरून सोनेरी किरणं येतात, पण सकाळी. डिसेंबरात सूर्योदय सुमारे ११५ अंशांवर होतो, म्हणजे ताजच्या दर्शनी बाजूच्या जवळजवळ समोरच.

मग संध्याकाळचा सूर्य पूर्णच काढून टाकायचा का? तर नाही, आणि इथं एक मजेदार वळण आहे. मूळ इमारतीचं मुख्य प्रवेशद्वार समुद्राकडे नव्हतंच. ते शहराच्या बाजूला, पश्चिमेला होतं, जिथं आज पोहण्याचा तलाव आहे त्या अंगाला. इमारतीचा आराखडा इंग्रजी यू अक्षरासारखा, आणि यूचं उघडं तोंड शहराकडे. मुंबईत दुपारनंतरचा गार वारा पश्चिमेकडून येतो. ते उघडं तोंड वाऱ्याला आत घेतं.

यावरून ती प्रसिद्ध दंतकथा निघाली की इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि धक्क्यानं वास्तुविशारदानं जीव दिला. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य इमारत पुरी होण्याआधीच, १९०० मध्ये वारले, आणि पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदानं नेलं. पुरी झालेली इमारत बघून धक्का बसायला वैद्य हयातच नव्हते. ही गोष्ट इतकी टिकली, कारण नंतर दार समुद्राच्या बाजूला आलं आणि नव्या लोकांना जुना दरवाजा "मागचा" वाटू लागला. इमारत उलटी नव्हती, आपण फिरलो.

तर संध्याकाळचं ऊन आत येऊ शकतं, पण पश्चिमेच्या दारातून, बागेवरून. समुद्रावरून नाही. मसुद्यातलं वाक्य पूर्ण खोटं नाही, उलट्या बाजूनं खरं आहे.

पण किती वाजता? आता घड्याळाकडे या.

१६ डिसेंबरला मुंबईत आजच्या घड्याळानं सूर्य मावळतो ६ वाजून ४ मिनिटांच्या आसपास. दरवर्षी त्याच तारखेला एखाद्या मिनिटाचा फरक पडतो, त्यामुळे १९०३ लाही हीच वेळ धरायला हरकत नाही. म्हणजे सहाला सूर्य क्षितिजावर, मसुदा बरोबर. असंच वाटतं ना? मलाही असंच वाटलं होतं, तीन वर्षांपूर्वी, वेगळ्या कागदांवर.

भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली १ जानेवारी १९०६ ला. १९०३ मध्ये ती अस्तित्वातच नव्हती. मुंबई चालायची ती मुंबईच्या स्थानिक वेळेवर, बॉम्बे टाइमवर. ही वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. आजची प्रमाणवेळ ५ तास ३० मिनिटं पुढे. फरक ३९ मिनिटांचा. हा आकडा कुठून येतो तेही सांगते, म्हणजे पाठ करावा लागणार नाही. प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपली मुंबई ७२.८ अंशांच्या जवळपास. फरक ९.७ अंश. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणून साधारण ३९ मिनिटं.

आता सूर्यास्त पुन्हा मांडा. प्रमाणवेळेचे ६.०४, त्यातून ३९ मिनिटं वजा, म्हणजे त्या दिवशी हॉटेलातल्या घड्याळात सूर्यास्ताला साडेपाचही वाजले नव्हते, ५.२५ झाले होते. संधिप्रकाश आणखी पंचवीसेक मिनिटं. पावणेसहा वाजून गेले की काळोख. घड्याळात सहाचे टोले पडले तेव्हा मावळता सूर्य नव्हता, त्याची लाली नव्हती, खिडकीबाहेर अंधार होता.

यात आणखी एक गुंता. त्या काळी रेल्वे मद्रास टाइमवर धावायची, म्हणजे मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे. स्टेशनावरून आलेला प्रवासी आपलं घड्याळ रेल्वेला लावून आला असेल तर त्याच्या खिशात साडेसहा आणि हॉटेलात सहा. एकाच दालनात दोन वेळा, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. म्हणून जुन्या कागदावर वेळ दिसली की पहिला प्रश्न "किती वाजता" हा नाही. पहिला प्रश्न, घड्याळ कुणाचं?

हा प्रश्न माझा नाही, माझ्या गाइड मॅडमचा आहे. प्रबंधाच्या एका प्रकरणात मी रस्त्यावरचे दिवे लावण्याच्या वेळा घेतल्या, आजच्या सूर्यास्ताच्या तक्त्याशेजारी ठेवल्या, आणि दिवे सूर्य मावळायच्या आधीच लागत असल्याचं "सिद्ध" केलं. मग त्यावर चार पानं लिहिली. गॅसची उधळपट्टी, साम्राज्याचं प्रदर्शन, उजेडाचं राजकारण, काय काय. मॅडमनी चारही पानं शांतपणे वाचली आणि समासात तीन शब्द लिहिले: घड्याळ कुणाचं होतं? ३९ मिनिटं दुरुस्त केल्यावर दिवे सूर्यास्तानंतर लगेच लागत होते, जसे कुठल्याही शहाण्या शहरात लागतील. साम्राज्याचं प्रदर्शन ३९ मिनिटांत विरघळलं. ती पानं मी अजून फाइलमध्ये ठेवली आहेत.

आणि ही दुरुस्ती १९०६ ला संपत नाही बरं का. प्रमाणवेळ आल्यावर मुंबईनं ती मुकाट्यानं घेतली नाही, बॉम्बे टाइम शहरात १९५५ पर्यंत टिकून होता. त्यामुळे १९०६ नंतरच्या मुंबईच्या कागदांत प्रश्न सुटत नाही, वाढतो.

बहिणीला ऊन हवंच होतं. मी म्हटलं, मग वेळ मागे घे. घड्याळात पाच वाजता सूर्य क्षितिजावर साडेचार अंशांच्या आसपास होता. इतक्या खालच्या उन्हात दहा मीटर उंचीच्या इमारतीची सावली सव्वाशे मीटरपर्यंत जाते. म्हणजे पश्चिमेला शहरातल्या इमारती असतील तर जमिनीवर ऊन पोचणारच नाही, पोचलं तर वरच्या सज्ज्यांवर, कमानींच्या माथ्यावर. साडेचारला सूर्य अकरा अंशांवर, सावली पन्नास मीटर. तेव्हा दारातून उन्हाची तिरीप खालपर्यंत येण्याची शक्यता बरी. इथं गणिताची हद्द ओळखा. सूर्य कुठं होता हे गणित बिनचूक सांगतं. त्या दिवशी धुरकट होतं का, समोर झाड होतं का, दारावर पडदा होता का, हे ते सांगत नाही. म्हणून "ऊन आत आलं" असं लिहायचं नाही, "ऊन या वेळी या बाजूनं येऊ शकत होतं" इतकंच हातात आहे. माहितीपत्रकात इतकी सावध भाषा चालत नाही हे खरं, पण मग वाक्य असं रचता येतं की ते सावधपणा न दाखवता खरं राहील.

चांदण्याचा निकाल लगेच लागला. १६ डिसेंबर १९०३ म्हणजे मार्गशीर्षातला वद्य पक्ष, अमावास्या दोन-तीन दिवसांवर. संध्याकाळी आकाशात चंद्र नव्हता. त्याची बारीक कोर उगवणार होती ती पहाटेच्या सुमारास. हे कुणीही जुन्या पंचांगात पाहू शकतो, किंवा एखाद्या ज्ञात अमावास्येपासून २९.५३ दिवसांच्या पटीत मागे मोजत जाऊ शकतो. मी मोजलं, कारण मला मजा येते. शतकभर मागे जाऊनही या सरासरी पद्धतीत जेमतेम एक-दोन दिवसांची चूक येते. पौर्णिमा की अमावास्या एवढं ठरवायला ते भरपूर झालं.

साहित्याकडे येऊ. आयफेल टॉवरच्या पोलादाचे खांब. हे वाक्य तुम्ही ताजबद्दल कुठं ना कुठं वाचलेलं असेलच. बहुतेक ठिकाणी ते बॉलरूमच्या खांबांबद्दल असतं, बहिणीनं ते उचलून लॉबीत आणलं. पण त्याहून मोठी अडचण अशी की आयफेल टॉवर पोलादाचा नाही. १८८९ चा तो मनोरा घडीव लोखंडाचा आहे, ज्याला पडल्ड आयर्न म्हणतात.

फरक नुसता शब्दांचा नाही. घडीव लोखंड बनवताना भट्टीत वितळलेलं बीड ढवळत ढवळत त्यातला कार्बन जाळून टाकतात. कार्बन कमी झाला की लोखंडाचा वितळणबिंदू वाढतो, त्यामुळे ते पातळ न राहता कणकेसारखा गोळा होतं. त्या गोळ्यात भट्टीतली मळी, म्हणजे स्लॅग, अडकून राहते. मग ठोकून, लाटून पट्ट्या काढल्या की ती मळी लांब धाग्यांसारखी ताणली जाते. म्हणून जुनं घडीव लोखंड गंजलं की लाकडासारखे पापुद्रे सुटतात. पोलाद मात्र पूर्ण वितळवून ओततात, मळी वर तरंगते आणि वेगळी काढता येते. त्यामुळे पोलादात हे धागे नसतात.

म्हणजे खांब आणि टॉवर खरोखरच एका धातूचे असतील तर खांब पोलादाचे नाहीत. आणि खांब पोलादाचे असतील तर ते टॉवरच्या धातूचे नाहीत. खांबाला हात न लावता, घरी बसून, वाक्याचा अर्धा भाग तरी पडतोच. प्रयोगशाळेत जाण्याआधी वाक्य स्वतःशीच भांडतंय का हे बघावं.

हात लावायची परवानगी मिळाली तर काय कराल? हल्ली संवर्धनाच्या कामात हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र वापरतात, पिस्तुलासारखं. वस्तूला ओरखडा न काढता मूलद्रव्यं मोजतं. अनेक विद्यार्थ्यांना वाटतं की त्यानं कार्बन मोजून प्रश्न मिटवता येईल. येत नाही. कार्बन हे हलकं मूलद्रव्य, त्याचे क्षकिरण इतके दुबळे की ते यंत्रापर्यंत पोचायच्या आधीच हवेत शोषले जातात. उपयोगी पडतं ते मँगनीज. पोलाद बनवताना ते मुद्दाम घालतात, घडीव लोखंडात ते अगदी थोडं असतं. मँगनीज ठळक दिसलं तर पोलादाचा संशय पक्का होतो. आणि खांबावरचे रंगाचे थर खरवडले नाहीत तर यंत्र रंगाचीच माहिती देत बसतं, हेही लक्षात ठेवा. नक्की निकाल हवा तर नखाएवढा तुकडा घासून, आम्लानं कोरून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. मळीचे धागे दिसले की लोखंड.

बहिणीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी काय लिहू, खांब?" मी म्हटलं, "खांब." कधी कधी तीन तासांच्या कामाचं फलित म्हणजे एक विशेषण कमी होणं.

उरलं वातावरण. लोक याला मोजता न येणारी गोष्ट समजतात, पण तिच्याही खाली मोजता येणारी बरीच जमीन असते.

मसुद्यात होती गजबज. ताजच्या इतिहासात पहिल्या दिवसाच्या पाहुण्यांची संख्या नेहमी एकच दिली जाते, सतरा. शेकडो माणसांसाठी बांधलेल्या राजवाड्यात सतरा पाहुणे. ही गजबज होत नाही. अशा मोठ्या, कडक पृष्ठभागांच्या दालनात माणसं कमी असली की आवाज घुमतो, कारण आवाज शोषून घेण्यात आपले कपडे आणि शरीरं यांचा मोठा वाटा असतो. भरल्या लग्नाच्या हॉलमध्ये आणि रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवून बघा. त्या संध्याकाळचा आवाज म्हणजे बहुधा पावलांचा आणि थोड्या लोकांच्या बोलण्याचा, जरा लांबलेला.

बाहेर शहराची मनःस्थितीही लक्षात घ्यायला हवी. मुंबईत १८९६ मध्ये आलेला प्लेग १९०३ मध्येही गेला नव्हता. जमशेटजी टाटांनी हे हॉटेल काढलं त्यामागे खचलेल्या शहराची पत पुन्हा उभी करायची इच्छा होती असं त्यांचे चरित्रकार सांगतात. माहितीपत्रकात प्लेग येणार नाही, यायची गरजही नाही. पण सतरा हा आकडा वाचताना तो आठवावा.

आणि झुंबरांचा लख्ख उजेड. हा माझा प्रांत. शहराला वीज पुरवणारी कंपनी उभी राहिली १९०५ मध्ये. त्याआधीच हॉटेल उघडलं, म्हणून ते स्वतःची वीज स्वतः बनवत होतं. दिवे कोणते? टंगस्टनच्या तारेचे दिवे अजून बाजारात आले नव्हते, म्हणजे कार्बनच्या तारेचे. अशा दिव्याचं नेहमीचं माप सोळा मेणबत्त्यांचं. आजच्या मापात सुमारे २०० ल्यूमेन, आणि त्यासाठी जवळपास ६० वॅट वीज. तुमच्या अभ्यासाच्या टेबलावरचा ९ वॅटचा एलईडी ८०० ल्यूमेनच्या वर देतो. म्हणजे त्या काळचे चार दिवे मिळून तुमचा एक बल्ब.

एक कल्पना करून बघू. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद दालन, वर वीस दिवे. एकूण ४००० ल्यूमेन. ते शंभर चौरस मीटरवर पसरले तर ४० लक्स, आणि काचा, छत, भिंती यांत निम्मा उजेड गेला असं धरलं तर खाली उरतात वीस. आजच्या हॉटेलांच्या लॉबीत साधारण शंभर ते दोनशे लक्स असतात. वर या वीस दिव्यांची उष्णता १२०० वॅट, एका छोट्या इलेक्ट्रिक शेगडीइतकी, माणसांच्या डोक्यावर. उजेडाचा रंगही वेगळा. कार्बनची तार टंगस्टनपेक्षा कमी तापते, त्यामुळे उजेड जास्त पिवळा, जवळजवळ नारिंगी. त्यात पांढरा कपडा सायीसारखा दिसतो आणि गडद निळा काळ्यात जातो.

मग "लख्ख" हा शब्द चुकीचा का? इथं मी अडले. आजच्या मापानं ते दालन मिणमिणतं होतं. पण त्या संध्याकाळी आत येणारा माणूस गॅसच्या दिव्यांच्या रस्त्यांवरून, चंद्र नसलेल्या रात्रीतून आला होता, आणि घरी बहुधा रॉकेलचा दिवा ठेवून आला होता. त्याच्या डोळ्यांची बाहुली त्या अंधाराला सरावलेली. त्याला ते वीस लक्स लख्खच वाटले असतील. डोळा उजेड मोजत नाही, फरक मोजतो. म्हणून जुन्या वर्णनातल्या "झगझगीत" शब्दाला आकडा लावता येत नाही, आणि आपल्या आकड्यावरून त्या माणसाला खोटंही ठरवता येत नाही. प्रबंधात मी आता दोन्ही लिहिते, आकडा वेगळा आणि शब्द कुणाचा ते वेगळं.

तिसऱ्या दिवशी रात्री आम्ही फोनवर मसुदा पुन्हा लिहिला. भाषा तिची, मी फक्त हरकती घेत होते. शेवटी हे असं झालं:

"१६ डिसेंबर १९०३, बुधवार. मुंबईच्या घड्याळात सहा वाजले आहेत आणि बाहेर अंधार पडून थोडा वेळ झाला आहे. चंद्र नाही. शहराच्या बाजूच्या दारातून तुम्ही आत येता, आणि गॅसच्या दिव्यांनी उजळलेला रस्ता मागे पडतो. आत वीज आहे, हॉटेलनं स्वतः बनवलेली. दिव्यांचा उजेड मधासारखा आहे आणि त्यात सगळ्यांचे पांढरे कपडे सायीच्या रंगाचे दिसतात. खांब उंच आहेत, माणसं थोडी. पहिल्या रात्रीचे पाहुणे अवघे सतरा. कुणीतरी चालत जातं, आणि पावलांचा आवाज पाऊल थांबल्यावरही थोडा वेळ ऐकू येतो. पलीकडच्या बाजूला बंदर आहे, पण ते आता दिसत नाही. त्याच्यावर ऊन पाहायचं तर सकाळी यावं लागेल."

सूर्य गेला, गेटवे गेला, आयफेल गेला, संगमरवर आणि चांदणंही गेलं. तिच्या मूळ मसुद्यातलं टिकलं ते फक्त "सहा वाजले आहेत". तेही मी तिला बदलू दिलं नाही.

असाइनमेंट तपासून आली तेव्हा सरांनी "सकाळी यावं लागेल" याच्यापुढे बरोबरची खूण केली होती आणि "गॅसच्या दिव्यांनी उजळलेला रस्ता" याच्याखाली रेघ मारून विचारलं होतं: हॉटेलच्या नेमक्या त्या दारासमोर १९०३ मध्ये गॅसचा दिवा होता का, कशावरून? शहरात गॅसचे दिवे १८६० च्या दशकापासून होते हे मला माहीत होतं, आणि तेवढ्यावर मी वाक्य जाऊ दिलं होतं. बहिणीनं त्या पानाचा फोटो मला पाठवला, खाली एक हसरा चेहरा. सोमवारी पुराभिलेखागारात जाते आहे.